क्लासच्या वेबसाइटवर मुलांचे फोटो आणि नावं: पालकांची सही नेमकी कशाकशाला पुरते?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. आमच्या आत्याचा तालुक्याच्या गावी पाचवी ते दहावीचा क्लास आहे. सगळ्या बॅचेस मिळून साठ-पासष्ट मुलं. क्लासची वेबसाइट आधी कुणीतरी बनवून दिली होती, हल्लीच ती माझ्या गळ्यात आली. वर्डप्रेसवर आहे. तिच्यात ‘आमचे गुणवंत’ नावाचं एक पान आहे. दर वर्षीच्या दहावीच्या मुलांचे फोटो, खाली पूर्ण नाव, शाळा आणि टक्के. शिवाय एक गॅलरी आहे, तिच्यात लहान वर्गांची मुलं, तीही नावासकट आणि बॅचच्या वेळेसकट.

मागच्या आठवड्यात एका आईचा फोन आला. त्यांची मुलगी २०२३ ला दहावी झाली, आता पुण्याला शिकते. तिचं नाव गूगलवर टाकलं की पहिला हाच फोटो येतो, तो काढा म्हणाल्या. मी त्या पानावरून फोटो लगेच काढला. चार दिवसांनी त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला, फोटो जागच्या जागी!

आत्याचं म्हणणं, “काढायचं कारणच काय? फॉर्मवर सही आहे त्यांची.” आहे खरी. मुलगी आठवीत आली तेव्हाच्या प्रवेश अर्जात शेवटून दुसरी ओळ: ‘माझ्या पाल्याची छायाचित्रे क्लासच्या प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी हरकत नाही.’

तर प्रश्न दोन. ही सही आज चालते का? आणि फोटो खरोखर जायला हवा असेल तर काय काय करावं लागतं?

खारीबिस्कीट

आमच्या क्लासवाल्यांनी माझा फोटो कधी लावला नाही. संमती न मागता माझी गोपनीयता जपली, थोर माणसं.

गुरुजी_निवृत्त

छत्तीस वर्षं शिक्षकी केली. निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यावर पहिल्या दहांची नावं खडूने लिहायचो. आईबाप मुद्दाम बघायला यायचे, पेढे वाटायचे. चौकात फ्लेक्स लागतो त्यावर तर गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या फोटोखाली पोरांचे फोटो असतात, तेव्हा कुणाची तक्रार नसते. कौतुक करणं हा गुन्हा कधीपासून झाला? आत्याबाईंचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

शेवंती

गुरुजी, आदर ठेवून सांगते. फळा दुसऱ्या दिवशी पुसला जायचा आणि तो बघायला शाळेत यावं लागायचं. वेबसाइटवरचं नाव तीन वर्षांनी, कुणालाही, कुठूनही सापडतं. धाग्यातल्या आईची तक्रार तीच आहे.

माझ्या मावसबहिणीचं सांगते. नवऱ्यापासून वेगळी झाली, प्रकरण कोर्टात होतं, मुलाला घेऊन ती मुद्दाम दुसऱ्या शहरात राहायला गेली. पत्ता सासरी कुणालाच दिला नव्हता. मुलाला सातवीच्या क्लासला घातलं. क्लासने हौसेने गॅलरीत फोटो टाकला, खाली मुलाचं पूर्ण नाव, ‘सातवी, सायंकाळची बॅच, ६ ते ७.३०’. क्लासचा पत्ता वेबसाइटवर असतोच. म्हणजे मुलगा रोज किती वाजता कोणत्या दारातून बाहेर पडतो हे जाहीरच झालं. नवरा एक दिवस तिथे येऊन उभा राहिला. पुढे काही वाईट झालं नाही, पण तिने क्लासही बदलला आणि घरही.

क्लासवाल्या बाई चांगल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि बहिणीने तरी प्रवेश घेताना हे सगळं कुणाला आणि का सांगावं?

नेट_पंडित

उगाच घाबरवू नका लोकांना. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य कलमं लागू व्हायला अठरा महिने आहेत. म्हणजे मे २०२७ पर्यंत कुणी काही करू शकत नाही. धागाकर्त्यांनी निवांत राहावं.

आणि फोटोसाठी सोपा उपाय. गूगलसारख्यांनी साइटवरचं काय बघू नये ते सांगणारी robots.txt नावाची फाइल असते, तिच्यात हे टाका, विषय संपला:

```
User-agent: *
Disallow: /wp-content/uploads/
```

कल्याण_लोकल

मुलांचं नाव छापलं तर पॉक्सो लागतो ना? कुठेतरी वाचलं होतं, दंड आहे म्हणे.

वकिली_चष्मा

कल्याण_लोकल, ते वेगळं. पॉक्सोचं कलम २३ अत्याचारग्रस्त बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यासंबंधी आहे. दहावीत ९४ टक्के मिळवणाऱ्या मुलीच्या फोटोशी त्याचा संबंध नाही.

नेट_पंडित यांनी तारखा बरोबर दिल्या, निष्कर्ष चुकला. क्लासना आजच लागू असलेली एक गोष्ट आहे आणि धाग्याच्या प्रश्नाला तीच थेट भिडते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यूपीएससी आणि नीटच्या मोठ्या क्लासेसना समोर ठेवून काढली हे खरं, पण व्याख्येत शिकवणीही येते. त्यात म्हटलंय की यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय त्याच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीत वापरायचा नाही, आणि ही संमती यश मिळाल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या वेळी कोऱ्या चेकसारखी घेतलेली सही तिथे चालत नाही. कारण उघड आहे. प्रवेश हवा असतो तेव्हा पालक समोर येईल त्या कागदावर सही करतात, नाही म्हणायची सोय त्या टेबलावर नसते.

म्हणजे आठवीच्या फॉर्मवरची ती ओळ २०२३ च्या निकालाच्या जाहिरातीला पुरत नाही. फोटो तत्त्वं येण्याआधी लागला हे खरं, पण जाहिरात आजही चालू आहे, त्यामुळे आजचा नियम बघायचा.

आता २०२३ च्या कायद्याविषयी. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. संमती विशिष्ट कामापुरती असायला हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. ‘प्रसिद्धीसाठी’ हा शब्द फारच मोघम आहे, त्यात फ्लेक्सही येतो आणि इन्स्टाग्रामची रीलही येते. मुलांसंबंधीची जबाबदारी मोडली तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी. तालुक्याच्या क्लासला कुणी २०० कोटी लावणार नाही. पण मे २०२७ म्हणजे पुढच्या वर्षीच्या बॅचचे निकाल. जे फोटो आज लावाल ते तेव्हाही साइटवर असणारच आहेत.

नेट_पंडित

बरं, ती मार्गदर्शक तत्त्वं मला माहीत नव्हती. पण त्यात पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेला क्लास अशी अट आहे, आत्ताच बघितलं. धागाकर्त्यांच्या आत्याच्या एका बॅचला पंधरा-वीस मुलं असतील. मग सुटल्या.

वकिली_चष्मा

अट आहे, बरोबर. माझ्या वाचनाप्रमाणे ती केंद्राची एकूण संख्या आहे, बॅचची नव्हे. त्यामुळे साठ-पासष्ट म्हणजे आत. वेगळं वाचणारे वकीलही भेटतील. पण चाळीस मुलांच्या क्लासनेही हाच रिवाज ठेवला तर बिघडतं काय? एक अर्धा कागद जास्त छापावा लागेल.

आणि धागाकर्ते, एक गोष्ट विचारायची राहिली. ती मुलगी अठरा वर्षांची झाली का? झाली असेल तर आता आईची हो-नाही गौण, तिचीच लागेल.

कोरा_कागद

दोन महिन्यांपूर्वी अठरा पूर्ण. आईने फोन केला पण मेसेज मुलीनेच लिहिला होता, “माझा नववीतला चश्मिस फोटो आहे, प्लीज.”

खारीबिस्कीट

म्हणजे कायद्यापेक्षा मोठं कारण.

मेघना_पु

दुसरी बाजू मांडते, रागावू नका. माझ्या मुलाला ८१ टक्के मिळाले. त्याच्यासाठी ते फार होते, आठवीत तो नापास होता होता राहिला होता. क्लासच्या साइटवर फक्त नव्वदच्या वरच्यांचे फोटो लागले. त्याने तीन वेळा पान उघडून बघितलं. तो रुसला नाही काही, पण मला कळलं. फोटो लावू नका म्हणणाऱ्या पालकांनी हेही बघावं की काही मुलांना तो हवा असतो.

खडू_फळा

मेघनाताई, तुमचं म्हणणं पटतं. मी नाशिकला गणिताचा क्लास घेते, मुलांना भिंतीवर आणि साइटवर आपलं नाव बघायला आवडतं हे रोज बघते. म्हणून बंद न करता विचारायची पद्धत बदलली.

प्रवेशाच्या फॉर्मवरून फोटोची ओळ काढून टाकली. तिथे फक्त ‘क्लासच्या अंतर्गत कामासाठी, म्हणजे ओळखपत्र आणि हजेरीसाठी’ फोटो घेतो असं आहे. निकाल लागल्यावर मुलं पेढे घेऊन येतात, तेव्हा अर्धा कागद घरी देते. त्या दिवशीच सही मागत नाही, आनंदाच्या भरात सगळेच हो म्हणतात. कागद साधारण असा:

आमच्या पाल्याच्या निकालासंबंधी खाली खूण केलेल्या गोष्टी क्लास वापरू शकतो.
☐ फक्त नाव, आडनावाशिवाय, आणि टक्के
☐ पूर्ण नाव आणि टक्के
☐ फोटो (कोणता ते आम्ही देऊ)
कुठे: ☐ क्लासच्या भिंतीवर ☐ वेबसाइटवर ☐ फेसबुक/इन्स्टाग्रामवर ☐ छापील पत्रकात
वेबसाइटवर पुढील वर्षाच्या ३१ मेपर्यंत ठेवू, नंतर काढू. त्याआधी काढायचं असेल तर क्लासच्या नंबरवर एक मेसेज पुरेल. कारण सांगायची गरज नाही.
पालकाची सही / विद्यार्थ्याची सही

काहीच खूण केली नाही तर काहीच वापरत नाही. खालच्या दोन सह्यांपैकी विद्यार्थ्याची सही कायद्याने लागते की नाही मला माहीत नाही, मी घेते. एकदा वडिलांना फोटो हवा होता आणि मुलीला अजिबात नको होता, सही करताना तिचं तोंड बघूनच कळलं. नाही लावला. वडील नाराज झाले.

बहुतेक जण भिंतीला हो म्हणतात, वेबसाइटला नाव आणि टक्के चालतील म्हणतात. फोटोला, विशेषतः मुलींच्या, नाही म्हणणारे बरेच असतात. प्रवेशाच्या फॉर्मवर ती ओळ होती तेव्हा त्यांच्यातल्या एकानेही ती खोडली नव्हती.

शेवंती

खडू_फळा, हा कागद उचलून आमच्या सोसायटीतल्या क्लासला देऊ का?

खडू_फळा

खुशाल द्या. फक्त त्यावर त्यांचा नंबर टाका, माझ्याकडे मेसेज यायला लागायचे.

वकिली_चष्मा

कागद चांगला आहे. एक भर घालतो. कागद भरणारे खरंच आईवडील आहेत हे क्लासला कळायला हवं. छोट्या क्लासला ते जड नाही, कारण प्रवेशाच्या वेळी पालक समोर आलेले असतात, त्यांचा नंबर नोंदलेला असतो. मुलाने दप्तरातून सही करून आणलेल्या कागदावर भागवू नका, त्या नोंदलेल्या नंबरवर एक फोन करून विचारा आणि कागदाच्या मागे तारीख लिहून ठेवा.

न सुटलेली गोष्टही सांगतो. आई हो म्हणते आणि वडील नाही, किंवा उलट. कायद्यात ‘पालक’ एवढंच आहे. वेगळे राहणारे आईबाप असतील तर कुणाचं ऐकायचं याचं नेमकं उत्तर मला कलमात सापडत नाही. मी क्लासवाल्यांना सांगतो, एक जरी नाही म्हणाला तरी लावू नका. हे माझं मत झालं, कायदा नव्हे.

न्यूजर्सीकर

इकडची गंमत. इथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत उलटं असतं. विद्यार्थ्याचं नाव, फोटो, मिळालेले पुरस्कार अशी माहिती शाळेने ‘डिरेक्टरी’ माहिती म्हणून जाहीर केली तर ती पालकांना न विचारता देता येते. फक्त वर्षातून एकदा नोटीस द्यावी लागते आणि नको असेल त्या पालकाने मुदतीत लेखी कळवायचं असतं. ती नोटीस ऑगस्टच्या चाळीस कागदांत अशी दडलेली असते की बऱ्याच जणांना नंतर कळतं. आमच्या रविवारच्या मराठी शाळेला तो कायदा लागत नाही, म्हणून आम्ही आपले सरळ विचारतो. दर वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाचे फोटो म्हटलं की वाद होतोच.

टकळी

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी येतच नाहीये, म्हणून लिहितो. वेबसाइट्स सांभाळणं माझं पोटापाण्याचं काम आहे.

कोरा_कागद, तुम्ही पानावरून फोटो काढलात म्हणजे पानातला फोटोचा उल्लेख काढलात. फाइल सर्व्हरवर तशीच आहे. वर्डप्रेस चढवलेला फोटो वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि त्याच्या लहानमोठ्या प्रती स्वतःच बनवतं. तुमच्याकडे साधारण अशा फाइल असतील:

```
/wp-content/uploads/2023/06/naav-aadnaav-10th.jpg
/wp-content/uploads/2023/06/naav-aadnaav-10th-scaled.jpg
/wp-content/uploads/2023/06/naav-aadnaav-10th-300x300.jpg
/wp-content/uploads/2023/06/naav-aadnaav-10th-150x150.jpg
```

फाइलच्या नावातच मुलीचं नाव आहे का बघा, बहुधा असेल. फोटो वर येण्याचं ते मोठं कारण. फोटोखालची ओळ आणि `alt` मधला, म्हणजे फोटोला जोडलेल्या वर्णनातला, मजकूर ही बाकीची दोन. नाव कुठेच नसतं तर नाव शोधणाऱ्याला फोटो सापडला नसता. म्हणून मी शाळांना नेहमी सांगतो, फोटो ठेवायचाच असेल तर फोटो एका जागी आणि नावांची यादी दुसऱ्या जागी, दोन्ही जोडू नका. फाइलचं नाव `2023-10vi-07.jpg` असं ठेवा.

आता काढायचा क्रम. Media Library मध्ये जाऊन तो फोटो उघडा आणि Delete permanently करा, म्हणजे वर्डप्रेसला ठाऊक असलेल्या सगळ्या प्रती जातात. ठाऊक नसलेल्या राहतात. फोटो हलके करणारं प्लगइन असेल तर त्याने वेगळ्या फोल्डरमध्ये `.webp` प्रती ठेवलेल्या असू शकतात. स्लायडरसाठी सगळ्या मुलांचं मिळून एक बॅनर बनवलेलं असतं, ते वेगळंच चित्र असतं. माहितीपत्रकाची पीडीएफ असते. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन मुलीच्या नावाने आणि त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये डोळ्यांनी शोधा. मग ब्राउझरच्या खाजगी खिडकीत प्रत्येक पत्ता उघडून बघा. 404, म्हणजे ‘सापडलं नाही’, आलं तरच गेला. 404 न येता फोटो दिसला तर मधला कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत, रिकामा करा, क्लाउडफ्लेअर वगैरे वापरत असाल तर तिथलाही.

हे झाल्यानंतरच गूगल. आधी केलंत तर अर्ज फेटाळला जाईल, कारण फाइल अजून तिथेच असेल. गूगलचं Refresh Outdated Content नावाचं साधन आहे, त्यात फोटोचा पत्ता टाका. ते कुणालाही वापरता येतं, त्या आईलाही. साइटमालकांसाठीचं गूगलचं Search Console तुमच्याकडे असेल तर तिथल्या Removals मधून लवकर लपवता येतं, पण ते सुमारे सहा महिन्यांपुरतं असतं. फाइल मुळातून गेली नसेल तर सहा महिन्यांनी परत येते आणि मग क्लासवाले म्हणतात, “आम्ही तर काढला होता.”

नेट_पंडित

मग robots.txt मध्ये काय वाईट होतं? गूगलच्या मदतीच्या पानावरच फोटोंसाठी दिलंय ते.

टकळी

चित्रांपुरतं दिलंय, ते तुमचं बरोबर. त्याने गूगल कालांतराने चित्रं शोधात दाखवायचं थांबवेल. पण फाइल उघडीच राहते, ज्याच्याकडे पत्ता आहे तो बघतो. शिवाय ती सूचना पाळायची की नाही हे येणाऱ्यावर आहे, गूगल पाळतं, फोटो गोळा करत फिरणारे सगळे पाळत नाहीत. आणि पानांच्या बाबतीत उलटा परिणाम होतो. पान robots.txt ने अडवलं तर गूगलला आत जाऊन त्यावरचं `noindex`, म्हणजे ‘शोधात दाखवू नका’ ही सूचना, वाचताच येत नाही, पानाचा पत्ता यादीत राहू शकतो.

आणि robots.txt सगळ्यांना वाचता येते. एका शाळेने तिच्यात `/vidyarthi-yadi-phone/` असं लिहिलेलं मी पाहिलंय.

खारीबिस्कीट

“चावी पायपुसण्याखाली आहे, पण चोरांनी बघू नये ही विनंती.”

कल्याण_लोकल

फोटोत लोकेशन पण असतं ना? मी मुलीचा फोटो व्हॉट्सअॅपवर क्लासच्या सरांना पाठवला होता, त्यातून घरचा पत्ता कळला असेल का?

टकळी

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला असेल तर ती माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशन असेल तर त्यासकट. ड्राइव्हवर टाकलेल्या फोटोतही राहते. वर्डप्रेसने बनवलेल्या लहान प्रतींमधून ती जाईलच असं नाही, आणि मूळ फाइल सर्व्हरवर असते, तिच्यात सगळं असतं. म्हणून साइटवर चढवण्याआधीच काढा. विंडोजवर फाइलवर उजवं क्लिक, Properties, Details, आणि खाली Remove Properties and Personal Information.

लोकेशनपेक्षा मला फोटोतल्या इतर गोष्टींची जास्त काळजी वाटते. गळ्यातलं ओळखपत्र, गणवेशावरचं शाळेचं बोधचिन्ह, मागच्या फळ्यावर लिहिलेली नावं, वहीच्या कव्हरवरचं नाव. चेहरा पुसट केलेला आणि गळ्यात नाव, इयत्ता, वडिलांचा फोन स्पष्ट वाचता येतो, असे फोटो मी आठवड्याला बघतो.

गुरुजी_निवृत्त

वाचतोय सगळं. फळा पुसला जायचा हे शेवंतीताईंचं म्हणणं मान्य. पण मला एक सांगा, शाळेची साइट म्हणजे तिच्यावर मुलं दिसायलाच हवीत. नुसत्या इमारतीचे आणि संचालक मंडळाचे फोटो लावायचे का?

खडू_फळा

गुरुजी, मुलं दिसू द्या की. प्रयोगशाळेत हात दिसतात, मैदानावर पाठमोरी मुलं दिसतात, वहीवरचं अक्षर दिसतं. आमच्या साइटवर भूमितीच्या आकृत्या काढणारे चार हात आहेत, त्यातला आपला हात कोणता हे मुलं बरोबर ओळखतात. कौतुकाचा फोटो भिंतीवर लावते.

संचालक मंडळाचे फोटो मात्र संमती मागायच्या आधीच येतात.

मेघना_पु

भिंतीवर ८१ टक्केवालेही लावता का?

खडू_फळा

पास झालेले सगळे. अकारविल्हे.

वकिली_चष्मा

त्या तत्त्वांतली एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती इथे अडचणीची आहे. क्लासने यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो जाहिरातीत लावला तर सोबत नाव, क्रमांक आणि त्याने कोणता कोर्स केला, तो पैसे भरून केला का, हे लिहावं लागतं. हेतू हा की चार दिवसांच्या मोफत सराव परीक्षेला आलेला मुलगा ‘आमचा’ म्हणून खपवू नये. म्हणजे फोटो लावायचा तर नाव लावावं लागतं आणि टकळी म्हणतात फोटोला नाव जोडू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मार्ग मला एवढाच दिसतो की मुलांच्या बाबतीत यशाची जाहिरात फोटोशिवाय करावी. नाव किंवा आद्याक्षरं, टक्के, विषय.

टकळी

सहमत. आमच्या धंद्याचं नुकसान, स्लायडर कमी विकले जातील.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, आत्याला धागा वाचून दाखवला. प्रवेशाच्या फॉर्मवरच्या सहीचं ऐकून ती आधी चिडली, मग खडू_फळांचा कागद तिने दोनदा वाचला. यंदाच्या निकालापासून तो द्यायचा ठरलंय. तिने ‘फेसबुक’चा चौकोन खोडला, म्हणते तिकडे मीच जात नाही. गॅलरीतली नावं आणि बॅचच्या वेळा आजच काढल्या.

मुलीच्या फोटोचं सांगतो. टकळींनी सांगितल्याप्रमाणे शोधलं. मूळ फोटोच्या सहा प्रती होत्या, `.webp` वेगळ्या, आणि २०२३ च्या बॅनरमध्ये ती दुसऱ्या ओळीत होती. सगळं पुसलं, पत्ते उघडले, 404 येतंय. गूगलला अर्ज मंजूर झाल्याचं दिसतंय, तिच्या नावाने आता फोटो येत नाही. पण web.archive.org वर आमच्या पानाची २०२४ ची प्रत सापडली, त्यात ती आहे.

आणि २०१७ ते २०२२ च्या मुलांचं काय करू? सगळी अठराच्या पुढे गेलीत, निम्म्यांचे नंबर बदललेत.

टकळी

आर्काइव्हला info@archive.org वर ईमेल करा, साइट तुमची आहे हे पटवा, म्हणजे साइटच्याच डोमेनच्या ईमेलवरून लिहा, आणि नेमक्या पानांचे पत्ते द्या. सगळी साइट काढा म्हणू नका. वेळ लागतो, आणि काढायचं की नाही हे शेवटी तेच ठरवतात.

वकिली_चष्मा

जुन्या मुलांपैकी ज्यांचा नंबर लागतो त्यांना विचारा, त्यांना स्वतःला, आईवडिलांना नव्हे. ज्यांचा लागत नाही त्यांचा फोटो आणि आडनाव काढा. टक्के आणि पहिलं नाव राहिलं तर कुणाचं अडणार नाही.

शेवंती

किंवा आत्यांना सांगा, २०१७ ची मुलं आता नोकरीला लागली असतील, त्यांना क्लासला चहाला बोलवा. संमतीही मिळेल आणि नवे फोटोही.

खारीबिस्कीट

त्या फोटोंची संमती कोण घेणार?

कल्याण_लोकल

एक शंका राहिली. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर दर रविवारी चाचणीचे गुण नावासकट टाकतात, दीडशे पालकांच्या ग्रुपमध्ये. तेही यातच येतं का, की त्यासाठी वेगळा धागा काढू?

वकिली_चष्मा

येतं. पण वेगळा काढा, त्यावर गुरुजींशी पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागेल.